विसरलेल्या रॉक अल्बमांवरील लेखमालेचा प्रस्ताव

पुणे,
14 जुलै 2025

आदरणीय शुभदाताई,
स. न. वि. वि.

मार्चमध्ये मी तुम्हाला ‘रॉकचे पन्नास महान अल्बम’ ही लेखमाला सुचवली होती. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, ‘‘अरे, हे आमच्या वाचकांनी दहा वेळा वाचलंय.’’ तेव्हा जरा लागलं. पण नंतर पुरवणीचे जुने अंक काढून बसलो तेव्हा पटलं. त्यातला एक लेख तर माझाच होता.

म्हणून आता उलट्या टोकाने सुरुवात करतोय. रविवार पुरवणीसाठी आठ लेखांची माला, दर पंधरा दिवसांनी एक, प्रत्येकी सुमारे बाराशे शब्द. विषय: हरवलेले रॉक अल्बम.

‘दुर्लक्षित रत्नं’ या थाटाचं मला काही लिहायचं नाही. असे लेख शेवटी ‘ऐकाच’ म्हणून थांबतात आणि कोणी ऐकत नाही. प्रत्येक अल्बम हरवला कसा, ही माझ्या दृष्टीने खरी गोष्ट आहे. संगीत वाईट होतं म्हणून फारच थोडे बुडाले. कुणाचं वितरण कोसळलं, कुणी नाव बदलायला नकार दिला, कुणाच्या देशात तांब्याचे भाव पडले. आठ लेख, आठ वेगळी कारणं. कारण पुन्हा आलं तर तो अल्बम यादीतून बाद, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

पहिला लेख आपल्या घरातला. ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ आपल्या पिढीला पाठ आहे. ते गाणारे नंदू भेंडे म्हणजे आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव. 1974 साली मुंबईत अ‍ॅलेक पदमसींनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ केलं, त्यात ज्यूडास त्यांनी रंगवला होता. हेच नंदू भेंडे अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या बँडमध्येही गायचे. या बँडच्या अल्बमचं नाव ‘ऑब्सेशन 77’, आणि तो बाजारात आला 1981 मध्ये. तोवर बँड फुटला होता, डिस्को आलं होतं, आणि गिटारच्या त्या घोगऱ्या, फाटक्या आवाजासाठी दुकानात कोणी थांबत नव्हतं. पुढे 2011 मध्ये अमेरिकेतल्या नाऊ-अगेन या लेबलने तो पुन्हा काढला. आपल्या मुंबईची रेकॉर्ड आपल्याला कॅलिफोर्नियातून कळावी, याचा राग मला अजून आहे आणि लेखात तो थोडा दिसेल. जास्त वाटला तर कापा.

याच लेखात ‘सिमला बीट’ येईल. सिगारेटच्या ब्रँडच्या नावाने भरणारी ही देशभरातल्या बँडची स्पर्धा. तिच्या 1970 आणि 1971 च्या एलपी निघाल्या. त्या काळात रॉक बँडला स्वतःची रेकॉर्ड मिळणं जवळजवळ अशक्य होतं, कारण कंपन्यांचा धंदा चित्रपटसंगीतावर चालायचा. त्यामुळे त्या पिढीचा आवाज आज ऐकू येतो तो बव्हंशी सिगारेटच्या जाहिरातीच्या कृपेने. यावर उपदेश करायचा मोह मी टाळणार आहे.

दुसरा लेख इंग्लंडच्या झॉम्बीज या बँडच्या ‘ओडेसी अँड ओरॅकल’चा. लिहायला सगळ्यात मजा आली तो हाच. 1967 साली बीटल्सनी ‘सार्जंट पेपर’ संपवल्यावर ही मंडळी अ‍ॅबी रोड स्टुडिओत शिरली. पैसे तुटपुंजे होते, म्हणून गाणी आधीच घोटून नेली. मुखपृष्ठ रंगवणाऱ्या मित्राने ‘ओडिसी’चं स्पेलिंग चुकवलं आणि ते तसंच छापलं गेलं. एप्रिल 1968 मध्ये अल्बम निघाला तेव्हा बँड मोडून काही महिने झाले होते. मग 1969 मध्ये त्यातलं ‘टाइम ऑफ द सीझन’ अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं! बँडच नाही म्हटल्यावर तिथल्या दलालांनी काय करावं? तोतये झॉम्बीज दौऱ्यावर काढले. त्या तोतयांपैकी दोघे पुढे झी झी टॉप या बँडमध्ये खरोखरचे प्रसिद्ध झाले. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया आला होता, त्यामुळे मराठी वाचकाला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागणार नाही.

तिसरा लेख डेट्रॉइटच्या तीन हॅकनी भावांचा. कृष्णवर्णीय मुलं, बँडचं नाव ‘डेथ’, आणि संगीत असं की पंक हा शब्द रुळायच्या आधीचं पंक. रेकॉर्ड कंपनी चालवणाऱ्या क्लाइव्ह डेव्हिस यांना गाणी आवडली, नाव नाही. थोरला डेव्हिड म्हणाला, नाव बदलणार नाही. मग 1976 मध्ये भावांनी स्वतःच एक सिंगल काढली, पाचशे प्रती. अल्बम निघायला 2009 उजाडलं. डेव्हिड 2000 मध्येच कॅन्सरने गेला होता. जाण्याआधी त्याने मूळ टेप भावाकडे दिल्या आणि सांगितलं, जग एक दिवस या शोधत येईल.

चौथा झांबियाच्या ‘विच’ बँडचा. 1964 साली स्वतंत्र झालेला, तांब्याच्या खाणींवर जगणारा देश. अध्यक्ष कौंडांनी रेडिओवर बहुतांश संगीत देशीच वाजलं पाहिजे असा दंडक घातला, आणि तरुणांनी ‘देशी’ म्हणून विजेच्या गिटार उचलल्या. पुढे तांब्याचा भाव कोसळला आणि या बँडचं अर्थकारणही. गायक जगारी चांदा नंतर रत्नांच्या खाणीत नशीब काढायला गेला.

पाचवा कोलकात्याच्या ‘मोहिनेर घोडागुली’चा. 1977 ते 1979 या काळात तीन छोट्या रेकॉर्ड्स, ऐकणारे मोजके. 2006 च्या ‘गँगस्टर’मधलं ‘भीगी भीगी’ ज्यांनी गुणगुणलं, त्यांनी या बँडच्या गौतम चट्टोपाध्यायांचीच चाल गुणगुणली होती. उरलेल्या तिघांत मेम्फिसचा ‘बिग स्टार’ नक्की आहे (समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, दुकानात माल पोचलाच नाही). शेवटच्या दोन जागा मुद्दाम मोकळ्या ठेवल्यात. वाचकांच्या माळ्यावर काय निघतं ते बघू.

अमेरिकन गायक रॉड्रिगेझ घेणार नाही. त्याच्यावरच्या माहितीपटाला 2013 मध्ये ऑस्कर मिळालं, आता त्याला विसरलेला म्हणणं म्हणजे लबाडी.

शंका तुमच्या मनात येईल ती मीच मांडतो: जे आपल्याकडे कधी ऐकलंच नाही, ते ‘विसरलेलं’ कसं? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच गाण्यांची तांत्रिक चिकित्सा दोन परिच्छेदांपलीकडे नेणार नाही. गोष्ट माणसांची राहील, आणि गिटार कधी हातात न धरलेल्या वाचकालाही ती कळेल. हे अल्बम आज ऑनलाइन ऐकता येतात. लेखाखाली क्यूआर कोड छापला तर वाचक चहा थंड होईपर्यंत एखादं गाणं ऐकेल.

चित्रांसाठी मुखपृष्ठांची परवानगी लागेल. पत्रव्यवहार मी करेन, पण तो पुरवणीच्या लेटरहेडवर जावा. मिळाली नाही तर तुमच्याकडच्या चित्रकाराकडून रेखाटनं करून घेऊ. मानधन नेहमीचंच चालेल. मात्र पहिल्या लेखासाठी मुंबईला दोन खेपा होतील, त्या काळातल्या वादकांना भेटायचं आहे, त्याचा प्रवासखर्च वेगळा द्यावा ही विनंती.

झॉम्बीजचा लेख तयार आहे, सोबत जोडला आहे. तो आधी वाचा. आवडला तर अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट 10 ऑगस्टपर्यंत देतो, म्हणजे गणपतीच्या गडबडीआधी माला सुरू होईल. दिवाळी अंकाच्या कामात तुम्ही बुडालेल्या असणार हे माहीत आहे, म्हणून पुढच्या सोमवारपर्यंत फोन करणार नाही. मंगळवारी करेन.

आपला,
निखिल