सातव्या सत्रासाठी विनिमय अर्ज

प्रति,
मा. विभागप्रमुख,
स्थापत्य अभियांत्रिकी विभाग, सांगली

विषय: वाखेनिंगेन विद्यापीठ (नेदरलँड्स) येथे सातवे सत्र करण्यास परवानगी व विषयांची समकक्षता मिळणेबाबत

महोदय,

मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यातल्या क्षारपड जमिनींचा निचरा हा माझ्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचा विषय आहे. आपल्या अभ्यासक्रमात मृदा यांत्रिकी भार आणि खचण्याच्या अंगाने शिकवली जाते. मातीतले क्षार, सोडियम आणि पिकाच्या मुळांपर्यंतचे पाणी यांना त्यात जागा नाही. ती उणीव भरून काढण्यासाठीच पुढचे विषय निवडले आहेत.

तिथे सप्टेंबर ते डिसेंबरदरम्यान आठ-आठ आठवड्यांचे दोन टप्पे असतात आणि जानेवारीत चार आठवड्यांचा तिसरा. पहिल्या टप्प्यात सकाळी मृदा भौतिकी व रसायन, दुपारी भूजलशास्त्र घेईन. दुसऱ्यात सकाळी सिंचन व निचरा आराखडा, दुपारी पाणी व्यवस्थापन संस्था. तिसऱ्यात फक्त संगणकीय प्रतिमान. एकूण ३० युरोपीय श्रेयांक होतात. दोन विषय एकाच सकाळी किंवा दुपारी आले तर एक सोडावा लागतो, म्हणून प्रत्येक टप्प्यासाठी एक पर्यायी विषय सोबतच्या तक्त्यात दिला आहे.

क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. निचरानळ्यांमधले अंतर काढण्याचे हूगहाउट सूत्र असे:

L² = (8Kdh + 4Kh²)/q

K म्हणजे मातीची जलवाहकता. ती चौपट जास्त धरली गेली तर अंतर जवळपास दुप्पट येते आणि दोन नळ्यांच्या मधल्या पट्ट्यातले पाणी उतरत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे मेमधली मोजणी इथे फसवी ठरते. सोडियम जास्त असेल तर मातीचे कण विखुरतात, K आणखी घटते, आणि जिप्सम न टाकता केलेला निचरा कमी पडतो. हे रसायन कळल्याशिवाय आराखड्याचा विषय घेण्यात अर्थ नाही.

संस्थांचा विषय स्थापत्याशी दूरचा वाटेल, पण मला तो तितकाच आवश्यक वाटतो. एकट्या शेतकऱ्याने एकरभर नळ्या टाकल्या तरी पाणी ओढ्यापर्यंत नेणारी सामाईक नळी शेजाऱ्यांच्या बांधातून जाते. खर्च आणि देखभाल कोणी करायची, हे नेदरलँड्समध्ये २१ जलमंडळे कर आकारून ठरवतात.

समकक्षतेची विनंती अशी: भूजलशास्त्र हे जलसंपदा अभियांत्रिकीसाठी, मृदा भौतिकी व निचरा आराखडा हे दोन ऐच्छिकांसाठी, आणि संस्थांचा विषय मुक्त ऐच्छिकासाठी धरावा. तिथला सहा श्रेयांकांचा विषय १६८ तासांचा असतो, म्हणून प्रत्येकी चार श्रेयांक मिळावेत. संगणकीय प्रतिमानाचे श्रेयांक मागत नाही.

प्रबलित काँक्रीट आराखडा हा सक्तीचा विषय तिथे नाही. तो उन्हाळी सत्रात करण्याची परवानगी हवी. तिसरा टप्पा जानेवारीअखेर संपत असल्याने आठव्या सत्राच्या सुरुवातीच्या हजेरीतही सवलत मिळावी.

समकक्षतेचे पत्र जाण्यापूर्वीच लेखी मिळावे, ही विनंती. तिथे एखादा विषय बदलावा लागला तर पहिल्या आठवड्यातच सुधारित तक्ता मंजुरीसाठी पाठवेन.

आपली विद्यार्थिनी,
अनुजा पाटील
तृतीय वर्ष बी.टेक. (स्थापत्य)

सोबत: विषयनिहाय तक्ता, सहा सत्रांच्या गुणपत्रिका