दरवाढ आणि बिलाच्या नव्या अटींविषयी सुधारित पत्र

वरचा बाजार, फोंडा, गोवा
१० ऑक्टोबर २०२५

देवस्थान समित्या, शाळा, नाट्यमंडळे, दुकानदार आणि औद्योगिक वसाहतींतील आमच्या सर्व ग्राहकांस,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरच्या बिलाला टाचून आम्ही आपल्याला चार ओळींची एक सूचना पाठवली होती. १ ऑक्टोबरपासून सर्व कामांचे दर २० टक्क्यांनी वाढतील, उधारी बंद होईल आणि निम्मी रक्कम आगाऊ भरल्याशिवाय काम हाती घेतले जाणार नाही, एवढाच मजकूर तिच्यात होता. ती सूचना आम्ही मागे घेत आहोत. तिच्याऐवजी हे पत्र ग्राह्य धरावे. १ ते १० ऑक्टोबर या काळात ज्यांच्याकडून वाढीव दराने पैसे घेतले गेले, त्यांच्या खात्यात फरकाची रक्कम जमा केली असून ती पुढच्या बिलातून वजा होईल. रोख परत हवी असेल तर पावती दाखवून ती कधीही न्यावी.

सूचना मिळाल्यावर एका देवस्थानाचे खजिनदार ती घडी घालून खिशात घेऊनच छापखान्यात आले होते. जत्रेचा अंदाजपत्रकी खर्च महाजनांच्या सभेत मंजूर होऊन गेला आहे, आता २० टक्के वाढले असे मी कोणत्या तोंडाने सांगू, असे त्यांनी विचारले, आणि त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यांचा प्रश्न दराविषयी जेवढा होता, त्याहून अधिक तो आम्ही न दिलेल्या मुदतीविषयी आणि न सांगितलेल्या कारणाविषयी होता. वर्षानुवर्षे शब्दावर काम देणाऱ्या माणसांना असे कळवायला नको होते. त्याबद्दल आम्ही मनापासून क्षमा मागतो.

दर वाढवणे मात्र आम्हाला भाग आहे, आणि ते का, हे आपल्याला कळले पाहिजे. आमचे दर याआधी एप्रिल २०२३ मध्ये बदलले होते. तेव्हापासून कागद, प्लेट, शाई आणि मजुरी या चारही बाबींचा खर्च वाढला, पण तो सर्व कामांवर सारखा पडलेला नाही. ज्या कामात कागद अधिक, त्यात वाढ अधिक. ज्यात मजकूर जुळवण्याचे कष्ट अधिक आणि कागद थोडा, त्यात ती जवळजवळ नाहीच. सरसकट २० टक्के लावण्यात आमची चूक नेमकी इथे झाली. हिशेब मांडायला वेळ काढला नाही आणि सोयीचा म्हणून एक गोल आकडा लिहून टाकला.

आता प्रत्येक कामाचा हिशेब वेगळा मांडला आहे. एक उदाहरण इथे देतो, कारण ते काम आमच्या बहुतेक ग्राहकांचे आहे. शंभर पावत्यांचे, दोन प्रतींचे, क्रमांक आणि छिद्ररेषा असलेले पावती पुस्तक आजवर ८५ रुपयांना दिले जात होते. ते आता ९६ रुपयांना मिळेल. वाढलेल्या ११ रुपयांपैकी ६ रुपये कागदाचे, दीड रुपया प्लेट आणि शाईचा, अडीच रुपये बांधणीच्या मजुरीचे आणि उरलेला १ रुपया वीज व वाहतुकीचा आहे. पन्नास पुस्तके घेणाऱ्या समितीला पूर्वी ४,२५० रुपये पडत, आता ४,८०० रुपये पडतील. यात आमचा नफा पुस्तकामागे होता तेवढाच राहतो.

बांधणीच्या अडीच रुपयांविषयी दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. पावती पुस्तकाचे क्रमांक यंत्र मारते, पण पांढरे आणि पिवळे पान एकाआड एक जुळवणे, एखादा क्रमांक गळला तर तो शोधून काढणे, पाठीला पुठ्ठा लावून पट्टी चिकटवणे, हे सारे हातानेच होते. आमच्याकडे हे काम चार महिला करतात आणि त्यांची मजुरी दर शनिवारी दिली जाते. आपल्या खजिनदाराला वर्षअखेरीस पावत्यांचा मेळ घालताना एकही क्रमांक कमी सापडत नाही, तो त्यांच्या बोटांमुळे. त्यांची मजुरी दोन वर्षे वाढवली नव्हती. ती याच महिन्यापासून वाढवली आहे, आपले नवे दर लागू होण्याची वाट न पाहता.

एका रंगातील नाटकाची हस्तपत्रके, एक हजार प्रती, १,१०० रुपयांऐवजी १,२०० रुपयांना मिळतील. आर्ट पेपरवरची चार रंगांतील जत्रेची पत्रिका, एक हजार प्रती, ४,८०० रुपयांवरून ५,४५० रुपयांवर जाईल. सर्वाधिक वाढ याच कामाची आहे आणि तीही १४ टक्क्यांच्या आत आहे. मजकूर जुळवणीचा दर पानाला १२० रुपये होता, तो तसाच राहील. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डे यांच्या छपाईचे दरही बदललेले नाहीत. बाकी कामांचे जुने आणि नवे दर शेजारी शेजारी छापलेले दरपत्रक सोबत जोडले आहे. त्यातील सर्व दर जीएसटी वगळून आहेत. कर त्या त्या कामाला लागू असेल त्या दराने बिलात वेगळा दाखवला जाईल.

पावसाळ्यात घेतलेल्या नव्या यंत्राचा भार या दरांवर टाकला आहे का, असे काहींनी विचारले. तो टाकलेला नाही. जून ते सप्टेंबर कागद हवेतला ओलावा ओढतो, त्याच्या कडा लहरतात आणि दोन रंगांची छपाई एकमेकांवर नीट बसत नाही. गेल्या पावसात काही ग्राहकांना यामुळे काम दोनदा करून द्यावे लागले. म्हणून कागदाच्या खोलीत ओलावा शोषणारे यंत्र बसवले. चांगले काम देणे हे आमचेच कर्तव्य असल्याने तो खर्च आमचा आहे.

नवे दर १ डिसेंबर २०२५ पासून लागू होतील, म्हणजे आपल्या हाती सात आठवड्यांहून अधिक अवधी आहे. ३० नोव्हेंबरपर्यंत नोंदवलेले प्रत्येक काम जुन्याच दराने होईल, मग ते ३१ जानेवारीपर्यंत केव्हाही उचलले तरी चालेल. त्यामुळे कार्तिकातल्याच नव्हे तर माघातल्या जत्रांची कामेही आताच नोंदवून जुना दर राखता येईल. ज्या देवस्थान समित्यांचे अंदाजपत्रक सभेत आधीच मंजूर झाले आहे, त्यांनी ठरावाची प्रत दाखवावी; त्या मंजूर कामांना ३१ मार्च २०२६ पर्यंत जुना दर मिळेल. शाळांचा खर्च शैक्षणिक वर्षावर बेतलेला असतो, म्हणून त्यांना नवे दर जून २०२६ पासून लागतील. त्यानंतर ३१ मार्च २०२७ पर्यंत कोणाचेही दर पुन्हा वाढवले जाणार नाहीत, आणि पुढे कधी वाढवावे लागले तर किमान ६० दिवस आधी, कारणासह, लेखी कळवले जाईल. मधल्या काळात आमच्या खरेदीचा कागद १० टक्क्यांहून अधिक स्वस्त झाला, तर पावती पुस्तकांचे आणि बिलबुकांचे दर आम्ही आपण होऊन उतरवू.

आता बिलांविषयी. उधारी बंद होणार नाही, पण तिला मुदत राहील. आजवर बिल केव्हा द्यायचे हे तोंडी ठरत असे आणि काही खाती सहा-सहा महिने उघडी राहत. पूर्वी कागदाचे व्यापारी आम्हाला दीड महिन्याची सवलत देत. आता गठ्ठा उतरवतानाच रोख मागतात. मधली ही पोकळी भरून काढण्याइतके भांडवल लहान छापखान्याजवळ नसते, आणि २० टक्के वाढीच्या त्या घाईमागचे खरे कारण बहुतांशी हेच होते.

यापुढे २,००० रुपयांपर्यंतच्या कामाचे पैसे काम उचलताना द्यावेत. मासिक खाते असलेल्या ग्राहकांना मागच्या महिन्याच्या सर्व कामांचे एकच बिल दर महिन्याच्या ३ तारखेला मिळेल आणि ते बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत भरावे. आगाऊ रक्कम फक्त १०,००० रुपयांवरील कामांना लागेल. जुन्या खातेदारांसाठी ती ३० टक्के आणि नव्या ग्राहकांसाठी ५० टक्के असेल. प्लेट तयार होण्यापूर्वी काम रद्द केल्यास आगाऊ रक्कम पूर्ण परत मिळेल, नंतर रद्द केल्यास केवळ प्लेट आणि कापलेल्या कागदाचा प्रत्यक्ष खर्च वजा होईल.

नाट्यमंडळांची अडचण निराळी आहे, हे आम्ही जाणतो. हस्तपत्रके आधी लागतात आणि देणग्या प्रयोगाच्या रात्री जमतात. त्यांच्यासाठी आगाऊ रकमेची अट नाही. प्रयोगानंतर आठ दिवसांत बिल चुकते करावे, एवढेच पुरे.

उशीर झाल्यास आम्ही व्याज लावणार नाही. बिल ६० दिवस थकले तर आधी फोन करू, अडचण विचारू, आणि त्यानंतरही काही ठरले नाही तरच नवे काम थांबवू. आजवरची जुनी बाकी मात्र नव्या अटींत ओढलेली नाही. ती ३१ मार्च २०२६ पर्यंत आपल्या सोयीच्या हप्त्यांनी द्यावी.

कुंडई आणि बेतोडा येथील कारखान्यांच्या लेखा विभागांसाठी एक नोंद आवश्यक आहे. आमच्या छापखान्याची सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार आम्हाला पैसे देण्याची मुदत लेखी करार असतानाही ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) नुसार त्या मुदतीनंतर दिलेली रक्कम खर्च म्हणून प्रत्यक्ष ज्या वर्षी दिली त्याच वर्षी धरता येते. आमची ३० दिवसांची अट या मर्यादेत बसते. आपल्या खरेदी आदेशावर याहून वेगळी मुदत छापलेली असेल तर ती कृपया दुरुस्त करून घ्यावी.

प्रुफाची अटही स्पष्ट करतो, कारण बिलावरचे वाद बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात. दोन प्रुफे विनामूल्य मिळतील. तिसऱ्या प्रुफापासून मजकुरात नवे बदल केल्यास पानाला १०० रुपये पडतील. आमच्या हातून राहिलेल्या चुका सुधारण्याचे पैसे कितव्याही प्रुफाला घेतले जाणार नाहीत. आपण सही करून दिलेल्या प्रुफात बरोबर असलेले नाव छापताना आमच्याकडून चुकले, तर संपूर्ण काम आमच्या खर्चाने पुन्हा करून देऊ.

या पत्रातील एखादी अट आपल्या संस्थेच्या व्यवहारात बसत नसेल, तर ३० नोव्हेंबरपूर्वी सांगावे. सोमवार ते शनिवार, सायंकाळी ४ ते ७ या वेळात मी स्वतः छापखान्यात असतो. बिलावरच्या क्रमांकावर फोन केला तरी चालेल. आपल्याशी जे ठरेल ते आपल्या खात्याच्या पानावर लिहून, दोघांच्या सह्या घेऊन, त्याची प्रत आपल्याला दिली जाईल.

आपला नम्र,
छापखान्याचा चालक

सोबत: जुन्या व नव्या दरांचे दरपत्रक