दुसऱ्या तिमाहीचा कॉन्कॉल: गाइडन्स, जोखमी आणि व्यवस्थापनाचा सूर (पंप-व्हॉल्व्ह कंपनी)

ट्रान्स्क्रिप्ट 19 पानांचे आहे. हा सारांश वाचून मॉडेलला हात लावायचा असेल, तर आधी पान 6, 9 आणि 14 मुळातून वाच. अवतरणे मराठीत दिली आहेत, पानांचे आकडे कंसात. सगळे आकडे कोटींत.

तीन ओळींत

महसूल 842, वार्षिक वाढ 9%. एबिटडा 118, मार्जिन 14.0%; वर्षापूर्वी 15.4% होते. गाइडन्स "कायम" असल्याचे सुरुवातीच्या निवेदनात सांगितले, पण महसुलाचा पट्टा खाली आला आहे आणि मार्जिनचा पट्टा तसाच ठेवल्याने सगळा भार दुसऱ्या सहामाहीवर पडला आहे. नव्या ऑर्डरींच्या मार्जिनबद्दल तिघांनी विचारले, एकालाही उत्तर मिळाले नाही.

गाइडन्स

| बाब | पहिल्या तिमाहीचा कॉल | आताचा कॉल |
|---|---|---|
| महसूल वाढ (पूर्ण वर्ष) | 14–16% | 12–14% (पान 6) |
| एबिटडा मार्जिन (पूर्ण वर्ष) | 15–15.5% | 15–15.5% (पान 6) |
| भांडवली खर्च | 220 | 180 (पान 8) |
| नव्या कारखान्यात उत्पादन | तिसरी तिमाही | चौथ्या तिमाहीची अखेर (पान 8) |

निवेदनातले वाक्य असे: "दोन आकडी वाढीचे आमचे मार्गदर्शन कायम आहे." ते खोटे नाही. 12 हाही दोन आकडीच. पण मागच्या वेळी 14–16% असे स्पष्ट सांगितले होते, म्हणून नोंदवहीत "कायम" नव्हे, "घटवले" असे लिही. कंपनी कोणता शब्द वापरते यापेक्षा मागच्या ट्रान्स्क्रिप्टमधला आकडा काय होता, हे आधी पाहायचे.

आता गणित. मागच्या वर्षीचा महसूल 3,200. 12–14% वाढ म्हणजे 3,584 ते 3,648. पहिल्या सहामाहीत 798 + 842 = 1,640 झाले. उरले 1,944 ते 2,008. मागच्या वर्षी दुसऱ्या सहामाहीत 1,693 होते, म्हणजे आता 14.8% ते 18.6% वाढ लागेल. पहिल्या सहामाहीची वाढ आहे 8.8%.

मार्जिनचे तसेच. सहामाहीचा एबिटडा 115 + 118 = 233, म्हणजे 14.2%. पूर्ण वर्षाला पट्ट्याचे खालचे टोक, 15%, गाठायचे तर दुसऱ्या सहामाहीत सुमारे 15.7% लागतात. वरचे टोक धरले तर 16.5 च्या पुढे. मागच्या वर्षी दुसऱ्या सहामाहीत 15.5% होते, आणि तेव्हा तांबे व मिश्रधातू पोलाद आजच्यापेक्षा स्वस्त होते.

एवढा महसूल येणार कुठून? ऑर्डर बुक 2,310. त्यातले 55% पुढच्या सहा महिन्यांत पूर्ण होतील, असे वित्त प्रमुखांनी सांगितले (पान 7). ते झाले 1,270. उरलेले 674 ते 738 डीलर आणि सुट्या भागांच्या विक्रीतून यायला हवेत, कारण ही विक्री बुकात साठत नाही, आली तशी जाते. पहिल्या सहामाहीत ती 620 होती. खालचे टोक गाठता येईल, पण त्यासाठी डीलरकडची विक्री 9% वाढायला हवी आणि एकही मोठी डिलिव्हरी घसरायला नको.

भांडवली खर्च 40 ने कमी झाला, हे "शिस्त" म्हणून मांडले आहे. पान 8 वर पुढेच कबुली आहे की यंत्रे उशिरा येत आहेत आणि हे 40 पुढच्या वर्षात जातील. तेव्हा मॉडेलमध्ये ही बचत धरू नकोस, खर्च फक्त एक वर्ष पुढे सरकव. जुन्या गाइडन्समध्ये या कारखान्याची "थोडी विक्री" धरली होती, हेही तिथेच आहे. किती, ते सांगितले नाही.

पान 9 वरचा घोळ

ट्रान्स्क्रिप्टमध्ये छापले आहे की किंमतवाढीचे कलम ऑर्डर बुकाच्या "सोळा टक्के" भागाला लागू आहे. रेकॉर्डिंगमध्ये 31:40 ला "साठ" ऐकू येते, आणि पुढच्याच उत्तरात "उरलेले चाळीस टक्के" असा उल्लेख आहे. इंग्रजीत सिक्स्टीन-सिक्स्टी, फिफ्टीन-फिफ्टी हे लिहून घेणाऱ्याच्या कानाला सारखेच लागतात. ज्या आकड्यावर अंदाज उभा आहे तो ऑडिओवर तपासल्याशिवाय घेऊ नये. इथे 16 धरले असते तर कच्च्या मालाची जोखीम दुपटीहून जास्त दिसली असती.

जोखमी, वजनानुसार

पहिली, येणी. सहा महिन्यांत 78 दिवसांवरून 96 दिवस. रकमेत 769 वरून 886. त्यामुळे एबिटडा 233 असूनही सहामाहीची कार्यचालन रोकड उणे 22 आहे, मागच्या वर्षी अधिक 95 होती. निव्वळ कर्ज 310 वरून 455 वर गेले. दोन मोठ्या प्रकल्प-ग्राहकांकडे 180 दिवसांपेक्षा जुनी 62 ची थकबाकी आहे आणि तिच्यासमोर तरतूद फक्त 9 (पान 11). आयएफआरएस 9 नुसार येण्यांवर पूर्ण मुदतीची अपेक्षित हानी धरावी लागते, आणि कंपन्या ती सहसा थकबाकीच्या वयाच्या तक्त्यावरून काढतात. पैसे आले नाहीत तर ही रक्कम आपसूक पुढच्या रकान्यात सरकते आणि तरतुदीचा दर वाढतो. त्यासाठी ग्राहक बुडावा लागत नाही. निम्म्या रकमेवर तरतूद करावी लागली तर आणखी 22 जातील. तिमाहीचा निव्वळ नफा 66 आहे, त्याच्याशी ताडून पाहा.

दुसरी, कच्चा माल. कलम असलेल्या 60% भागात भरपाई मिळते, पण एक तिमाही उशिरा, कारण निर्देशांक मागच्या तिमाहीचा लागतो. उरलेला 40% भाग, म्हणजे 924, ठरलेल्या किमतीचा आहे. विक्रीच्या 58% खर्च मालावर होतो. माल 3% महागला तर या भागावर सुमारे 16 चा फटका, तोही ऑर्डरी पूर्ण होत जातील तसा पसरलेला. फार मोठा नाही. पण मार्जिनच्या गाइडन्समध्ये तो मुळीच धरलेला दिसत नाही.

तिसरी जोखीम निवेदनात नाही, सादरीकरणातही नाही; पान 14 वर प्रश्नोत्तरांत सापडते. "इतर खर्चात काही एकदाचे आहे का?" या प्रश्नावर वित्त प्रमुख म्हणाले, "सुमारे 6 कोटींचा विनिमय लाभ तिथे वजा झाला आहे." तो काढला की एबिटडा 112 आणि मार्जिन 13.3%. मागच्या वर्षी याच तिमाहीत असा लाभ नव्हता, म्हणजे खरी घसरण 140 नव्हे, सुमारे 210 बेसिस पॉइंटची. काही कंपन्या विनिमय फरक वित्तखर्चात दाखवतात, काही इतर उत्पन्नात. म्हणून दोन कंपन्यांची मार्जिने शेजारी ठेवण्यापूर्वी ही ओळ शोधावीच लागते.

निर्यात 22% आहे आणि पुढच्या सहा महिन्यांच्या परकीय चलनातल्या येण्यांपैकी 65% हेज केलेली आहेत. इथे घाबरण्यासारखे काही नाही.

सूर

निवेदन आणि प्रश्नोत्तरे वेगळी वाचायची. निवेदन आधी लिहून, तपासून घेतलेले असते. त्यातला उत्साह फारसा मोजायचा नाही. "आव्हानात्मक" हा शब्द मागच्या कॉलमध्ये एकदा आला होता, यावेळी सात वेळा. त्यावरून मी फार काही काढणार नाही, शब्द मोजणे सोपे असते इतकेच. मार्जिनच्या वाक्याचे क्रियापद बदलले, ते जास्त महत्त्वाचे: तेव्हा "आम्ही गाठू", आता "गाठण्याचा आमचा प्रयत्न राहील" (पान 6).

खरी जागा पान 12–13. पहिल्याने विचारले, "नव्या ऑर्डरींचे मार्जिन जुन्या बुकापेक्षा कमी आहे का?" व्यवस्थापकीय संचालक बाजारपेठ किती मोठी आहे, यावर बोलले. दुसऱ्याने तोच प्रश्न पुन्हा टाकला, वित्त प्रमुख म्हणाले, "ऑर्डरनिहाय मार्जिन आम्ही जाहीर करत नाही." तिसऱ्याने विचारल्यावर सूत्रसंचालकाने पुढचा प्रश्न घेतला. एरवी हे धोरण म्हणून सोडून देता आले असते. पण पहिल्या तिमाहीच्या कॉलमध्ये याच वित्त प्रमुखांनी आपणहून सांगितले होते की नव्या ऑर्डरी "एक ते दीड टक्क्याने बऱ्या" आहेत. चांगले असताना सांगायचे आणि नंतर धोरण आठवायचे, यातून जे निघते ते मॉडेलमध्ये धरायला हवे.

दुसरी बाजूही लिहून ठेव. थकबाकीचे वयनिहाय तुकडे कोणी न विचारता दिले. निर्यातीवरची उत्तरे आकड्यांसकट आणि आखूड होती. म्हणजे हे व्यवस्थापन लपवाछपवी करणारे नाही. फक्त किमतीच्या प्रश्नावर अंग चोरते आहे. अहवालात "सूर नकारात्मक" असे सरसकट लिहू नकोस. "येण्यांवर मोकळा, ऑर्डरींच्या मार्जिनवर बचावात्मक, वाढीवर मागच्यापेक्षा सावध" असे लिही.

मॉडेलमध्ये बदल

महसूल वाढ 13.5% वरून 10.5%, म्हणजे 3,536. दुसऱ्या सहामाहीला 12% वाढ पुरते. मार्जिन 15.2% वरून 14.4%, दुसऱ्या सहामाहीचे 14.6% पडते. विनिमय लाभ पुढे नेऊ नये. येणी वर्षअखेर 92 दिवस. नव्या कारखान्याची या वर्षीची विक्री शून्य.

गुंतवणूकदार संपर्क विभागाला आजच तीन प्रश्न पाठव: 62 पैकी तिमाही संपल्यापासून किती वसूल झाले; 924 च्या ठरलेल्या किमतीच्या ऑर्डरींसाठी तांबे आणि पोलाद किती आधीच खरेदी झाले आहे; 905 च्या नव्या ऑर्डरींत ठरलेल्या किमतीचा वाटा किती. मार्जिन थेट विचारलेस तर पान 12 चेच उत्तर परत येईल.