कांद्याचा लिलाव आणि शेअरचा भाव

नमस्कार मंडळी. परवा शेजारच्या मावशींनी मला दारातच अडवलं. म्हणाल्या, अगं तू कॉमर्स शिकवतेस ना, मग सांग, आमच्या पोराने ज्या कंपनीचे शेअर घेतलेत तिला नफा झाल्याचं पेपरात आलं आणि त्याच दिवशी शेअर पडला, हे कसं काय? प्रश्न एकदम बरोबर आहे, म्हणून आज त्यावरच बोलूया.

आपण लासलगावची माणसं, आपल्याला लिलाव शिकवावा लागत नाही. ट्रॅक्टर उभा राहतो, व्यापारी दोन कांदे उचलतो, दाबून बघतो, बोली सुरू होते. माल कमी आणि घेणारे जास्त असले की भाव चढतो, आवक वाढली की उतरतो. शेअर म्हणजे कंपनीचा एक बारीक हिस्सा, आणि त्याचाही असाच लिलाव चालतो, सोमवार ते शुक्रवार, सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन. मोबाईलवर कुठलाही शेअर उघडून बघा, एका बाजूला घेणारे दिसतात, समोर विकणारे. समजा घेणारा म्हणतोय 241 रुपये आणि विकणारा म्हणतोय 242, तर कोणीतरी एक रुपया सोडल्याशिवाय सौदा होत नाही, आणि जो शेवटचा सौदा झाला तोच भाव स्क्रीनवर दिसतो. तो भाव कंपनी ठरवत नाही आणि सरकारही ठरवत नाही.

आता यातली खरी गोम ऐका. डिसेंबर 2023 आठवतोय ना? सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव धाडकन खाली आला. कांदा तोच होता, एका रात्रीत सडला नव्हता, पण पुढे गिऱ्हाईक कमी होणार हे सगळ्यांना कळलं होतं. शेअरबाजार कायम असाच पुढचं बघून चालतो. कंपनीने काल काय कमावलं ते झालं गेलं, उद्या काय कमावणार याचा अंदाज भावात असतो.

म्हणून मावशींच्या प्रश्नाचं उत्तर असं, की समजा लोकांनी धरलं होतं कंपनीला 100 कोटी नफा होईल, त्या आशेवर दोन महिने आधीपासून खरेदी करून भाव वर नेला, आणि प्रत्यक्षात नफा आला 80 कोटी. नफाच आहे हो, तोटा नाही, पण भाव तर 100 चा दिला होता ना! मग लोक विकायला निघतात. उलटही होतं, तोटा होऊनही शेअर चढतो, कारण भीती त्याहून मोठ्या तोट्याची असते.

व्याजदराचंही तसंच आहे. एफडीला चांगलं व्याज मिळायला लागलं की बरेच जण म्हणतात कशाला जोखीम, आणि कंपन्यांचं कर्जही महागतं, त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या बैठकीकडे अख्खा बाजार डोळे लावून असतो. शिवाय परदेशी गुंतवणूकदार आहेत, त्यांनी एकदम माल काढला की चांगल्या कंपन्यांचे शेअरही त्यात ओढले जातात.

आणि भीती. 23 मार्च 2020, कोरोनाचे दिवस. बाजार उघडून तासभरही झाला नव्हता तेवढ्यात 10 टक्के पडला, नियमाप्रमाणे 45 मिनिटं व्यवहार थांबवले, तरी दिवसअखेर सेन्सेक्स 3,900 च्या वर अंकांनी खाली, 26 हजाराच्याही आत. घाबरून त्या दिवशी विकलेल्यांचं मला फार वाईट वाटतं, कारण त्याच वर्षाच्या शेवटी सेन्सेक्स 47 हजाराच्या वर होता. अर्थात प्रत्येक शेअर असा परत वर येतोच असं नाही. एखाद्या फुटकळ कंपनीचा शेअर व्हॉट्सअॅपवरच्या टिपांनी वर चढवतात, चढवणारे स्वतःचा माल आपल्या गळ्यात घालून निघून जातात, मग लोअर सर्किट लागतं, म्हणजे विकणाऱ्यांची रांग आणि घेणारा एकही नाही. स्क्रीनवर भाव दिसतोय पण त्या भावाला विकता येत नाही, आणि रोज सकाळी तेच. अशा टिपा घेऊ नका हो, कळकळीने सांगते.

मावशींनी जाताजाता अजून एक विचारलं होतं, पडल्यावर ते पैसे जातात कुठे? मावशी, तुमच्या चाळीत 50 क्विंटल कांदा आहे, काल भाव 2,000 होता, आज 1,500 झाला. कागदावर 25 हजार कमी झाले, पण ते कोणी उचलून नेले नाहीत, चाळीत कांदा तेवढाच आहे. शेवटच्या सौद्याच्या भावाने सगळ्या मालाचा हिशोब लावला म्हणून आकडा बदलला. मात्र आज 1,500 ला विकलात तर तोटा खरा झाला, आणि ठेवलात तर पुढचा भाव काय निघेल ते आज कोणालाच माहीत नाही.