वडिलांच्या शुश्रूषेसाठी बिनपगारी रजेचा अर्ज

दि. १४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, भांडार व खरेदी विभाग
प्रत: मनुष्यबळ विभाग

विषय: १ डिसेंबर २०२५ ते २८ फेब्रुवारी २०२६ बिनपगारी रजा आणि त्यानंतर चार आठवडे अर्धवेळ काम मिळण्याबाबत.

महोदया,

माझ्या वडिलांना गेल्या महिन्यात पक्षाघाताचा झटका आला, हे आपल्याला माहीत आहेच. आता ते घरी आले आहेत, पण उजवी बाजू अजून हलत नाही आणि बोलणं जवळजवळ गेलं आहे. गिळताना ठसका लागतो म्हणून नाकातल्या नळीने अन्न द्यावं लागतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सगळ्यात जास्त असतो, तेव्हा व्यायाम आणि वाचा-उपचार चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं आहे.

रात्रीसाठी आम्ही परिचारक ठेवला आहे. दिवसा मात्र घरचंच माणूस हवं, कारण त्यांच्या खुणा परक्याला कळत नाहीत आणि कळल्या नाहीत की ते फार चिडतात. आईला त्यांना उचलणं झेपत नाही. सध्या बहीण रजा काढून आली आहे, तिला महिनाअखेरीस परत जायचं आहे. माझी हक्काची रजाही तेव्हाच संपते, म्हणून १ डिसेंबरपासून ही विनंती.

वेळ वाईट आहे, याची मला कल्पना आहे. जानेवारीत वार्षिक मालमोजणी येते. त्या दोन दिवसांसाठी बहीण पुन्हा येईल आणि मी हजर राहीन. तेवढे दिवस रजेतून वगळून कामाचे धरावेत. एरवी आवक-जावक नोंदी आणि रोजचं माल वाटप माझे सहायक सांभाळू शकतात, गेले काही आठवडे ते सांभाळतही आहेत. अडचण आहे ती कागदावर नसलेल्या गोष्टींची: कोणता पुरवठादार वजनात कमी भरतो, कोणत्या सुट्या भागाला पर्याय चालतो, कोणता माल संपायच्या किती आधी मागवावा लागतो. हे सगळं मी लिहून काढतो आहे. २८ नोव्हेंबरपर्यंत ती वही आणि प्रलंबित परताव्यांची यादी आपल्या टेबलावर असेल. मागणीपत्रांवर सही करण्याचा माझा अधिकार रजेच्या काळात दुसऱ्या कोणाकडे द्यावा. तो माझ्याकडे अडकून राहिला तर काम थांबेल.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार ते पाच व्यायाम घेणारे वडिलांजवळ असतात. त्या वेळात शंका विचारायला फोन करावा. इतर वेळी संदेश पाठवल्यास मी रात्री उत्तर देईन. यासाठी मोबदला नको.

परतण्याबाबत माझा प्रस्ताव असा. सोमवार, २ मार्च २०२६ रोजी मी रुजू होईन आणि २७ मार्चपर्यंत सकाळी साडेआठ ते साडेबारा काम करीन, पगारही त्याच प्रमाणात द्यावा. माल बहुतेक सकाळीच उतरतो, त्यामुळे या चार तासांत माझा खरा उपयोग होईल. ३० मार्चपासून पूर्णवेळ. पुरवठादारांकडे मुक्कामी दौरे मात्र मे अखेरपर्यंत मला देऊ नयेत.

आजाराला तारखा कळत नाहीत, म्हणून १० फेब्रुवारीला तब्येत पाहून २ मार्चला येणार की नाही ते मी लेखी कळवीन. येणं शक्य नसेल, तर रजा वाढवून मागण्याआधी आपल्याशी बोलेन; या जागेवर दुसऱ्याची नेमणूक करायची वेळ आली तर ते आपल्याला वेळेत कळलं पाहिजे. रजेचं कारण आधीच संपलं, मग ते चांगल्या अर्थाने असो वा वाईट, तर आठ दिवसांची सूचना देऊन लवकर रुजू होईन.

सलग तीन महिने देणं अशक्य असेल, तर दोन महिने पूर्ण रजा आणि पुढचे दोन महिने अर्धवेळ, हेही मी निभावून नेईन. वाचा-उपचारांच्या दृष्टीने पहिला पर्याय जास्त बरा.

मनुष्यबळ विभागाकडून दोन गोष्टी लेखी हव्या आहेत: या रजेने सेवेत खंड पडणार नाही ना, आणि गटविम्याचा माझा हप्ता पगारातून कापला जाणार नसल्याने तो दरमहा कसा भरायचा. त्या विम्यात वडीलही आहेत, म्हणून तो एक दिवसही बंद पडून चालणार नाही.

निर्णय २१ नोव्हेंबरपर्यंत कळला तर बहिणीला तिचं परतीचं ठरवता येईल. आपण सांगाल त्या वेळी येऊन भेटतो.

आपला विश्वासू,
अविनाश
वरिष्ठ भांडारपाल

सोबत: रुग्णालयातून सोडतानाचा अहवाल, डॉक्टरांचं शुश्रूषेबाबतचं पत्र