हंगामी वसतिगृहांच्या टिपणीवर अभिप्राय

सप्रेम नमस्कार मॅडम,

टिपणी वाचली. विषय तुम्हाला पक्का माहीत आहे, हे ओळीओळीत दिसतं. अडचण एवढीच, की मुख्य कार्यकारी अधिकारी ती दोन बैठकांच्या मधे वाचणार आणि त्यांनी नेमकं काय मंजूर करायचं हे सहाव्या पानावर आहे. तेही असं: ‘सदर बाबीच्या अनुषंगाने सर्वसमावेशक उपाययोजना होणेबाबत विचार व्हावा.’ यावर सही कशावर करायची? पहिल्याच ओळीत लिहा: ‘शाळा व्यवस्थापन समित्यांनी पाठवलेल्या हंगामी वसतिगृहांच्या प्रस्तावांना ३० सप्टेंबरपूर्वी मंजुरी द्यावी.’ लगेच कारण द्या. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात. मंजुरी त्यानंतर आली, तर पोरं आईबापांबरोबर फडावर गेलेली असतात आणि वसतिगृह कागदावर उघडतं.

पुराव्याचा भाग मात्र मला खटकला. ‘मोठ्या प्रमाणावर स्थलांतर’ म्हणजे किती? गेल्या हंगामातली सप्टेंबरची आणि जानेवारीची हजेरी शाळानिहाय शेजारी शेजारी मांडा, बाकी विशेषणं काढा. दुसरं, तक्त्यात कोयत्यांची संख्या ‘मजूर’ या रकान्यात गेली आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे मजुरांचा आकडा निम्म्यावर आलाय. साहेब या जिल्ह्यात नवीन नाहीत, पहिलं बोट तिथेच ठेवतील.

‘वसतिगृह असलेल्या गावांत गळती कमी’ हे वाक्य जपून. त्या गावांतले मुख्याध्यापकच मुळात धडपडे असतील, तर श्रेय कुणाचं? गावं सारखी असल्याचं दाखवता येत नसेल, तर ‘या गावांत जास्त मुलं मागे राहिली’ एवढंच म्हणा. शिवाय निधी हजेरीपटावर मिळतो, म्हणून नुसत्या हजेरीपटावर विसंबू नका. केंद्रप्रमुखांच्या अचानक भेटींच्या नोंदी सोबत जोडा.

शिक्षण हक्क कायद्यावरची दोन पानं गाळा. २००९ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचे प्रवेश सुनिश्चित करणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. हे एक वाक्य पुरे. वाचलेल्या जागेत साखरशाळांबद्दल लिहा. ‘कारखान्यावरच शाळा का नको?’ हा प्रश्न येणारच आणि टिपणीत त्याला उत्तर नाही. माझ्या मते तुमच्या चौथ्या पानावरचा मुद्दाच उत्तर आहे: टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलत राहते, आणि गावात राहिलेल्या मुलाची शाळा, शिक्षक, पुस्तकं बदलत नाहीत. पण लहान भावंडांना सांभाळायला म्हणून मुलींना सोबत नेतात, त्या वसतिगृह असूनही जातात. हेही प्रामाणिकपणे नोंदवा.

भाषा थोडी सैल करा. ‘होणेस’, ‘करणेत यावे’ नको. खर्चाचा तक्ता चांगला आहे, तसाच ठेवा.

एकूण दोन पानं, बाकी परिशिष्टात. गुरुवारी दुपारपर्यंत पाठवलीत तर मी पुन्हा एकदा नजर टाकीन.

आपला,
गटशिक्षणाधिकारी