विषय: रविवार पुरवणीसाठी लेख – जवारी काढायला शिकणारी मिरजेची मुलगी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या बातम्या आल्या. पण तो घडवणारी माणसं त्यात फारशी दिसली नाहीत. इथल्या एका छोट्या दुकानात सतारमेकर काकांची मुलगी सध्या जवारी काढायला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून तंबोऱ्याचा आवाज खुलवायला शिकतेय. त्यांच्या घरात हे काम करणारी ती पहिलीच मुलगी. परवा दोन तास तिथे बसले होते. घोडीवर कानस, तार छेडणं, ऐकणं, पुन्हा कानस. मग तिने तारेखाली सुती दोरा सरकवला आणि आवाज असा खुलला की काकांनी हातातलं काम थांबवलं.

बापलेकीवर आठशे शब्दांचा लेख, सोबत फोटो, येत्या शुक्रवारपर्यंत देऊ शकते. दोघांची संमती आहे. पाठवू का?

आपली,
स्नेहा, मिरज